'मियाँ-बीवीत इतकं चालतं' म्हणणाऱ्यांसाठी

आपल्या घरांत एक वाक्य फार सहज वापरलं जातं. नवरा कुठे होता ते खोटं सांगतो, वस्तूची किंमत कमी करून सांगतो, पगाराचा आकडा दाबतो. बायकोच्या लक्षात आलं की म्हणतो, "इत्ती सी बात है, इसमें क्या झूठ?" ती पुढे बोललीच तर दुसरं वाक्य येतं, आणि ते जास्त वजनदार असतं: "मियाँ-बीवी में झूठ की इजाज़त है, हदीस है."

या दुसऱ्या वाक्यामुळे बायका गप्प बसतात. ज्या बाईने आयुष्यात हदीसचं पुस्तक उघडलेलं नाही, ती दीनच्या नावाने सांगितलेल्या गोष्टीवर काय बोलणार? ज्याने ते वाक्य फेकलं, त्यानेही बहुधा पुस्तक उघडलेलं नसतं. त्याने कुठल्या तरी बयानात अर्धी गोष्ट ऐकलेली असते आणि तेवढी त्याला पुरते. म्हणून आधी हा दाखला तपासू आणि मग 'छोट्या' खोट्याकडे वळू.

हदीस आहे, हे खरं. सहीह मुस्लिममध्ये उम्मे कुलसूम बिन्त उक्बा यांच्याकडून आलेल्या रिवायतीत तीन ठिकाणी सवलत असल्याचा उल्लेख येतो: युद्धात, भांडणाऱ्या दोघांत समेट घडवताना, आणि नवरा-बायकोच्या आपसातल्या बोलण्यात. काही पाठांत हे शब्द पुढचे निवेदक इब्न शिहाब झुहरी यांच्या तोंडी आहेत, पण तो वाद बाजूला ठेवू. सवलत आहे असंच धरून चालू. प्रश्न इतकाच, की सवलत कशाची?

तिर्मिझीमध्ये अस्मा बिन्त यझीद यांच्याकडून हीच गोष्ट आली आहे. तिथे एक तपशील जास्त आहे: नवरा बायकोला राजी करण्यासाठी, खूश करण्यासाठी जे बोलतो ते. या तपशिलाने सगळा अर्थ उलगडतो. खारट झालेलं सालन "छान झालंय" म्हणून खाणं, "तुझ्यासारखी दुसरी कुणी नाही" म्हणणं, भांडण मिटवताना मनात होता त्यापेक्षा जास्त पश्चात्ताप दाखवणं, ही ती सवलत. तेराव्या शतकातले सीरियाचे इमाम नववी यांनी सहीह मुस्लिमवर भाष्य लिहिलं, ते आपल्याकडच्या मदरशांतही शिकवतात. त्यांनी या जागी स्पष्ट केलं आहे, की इथे प्रेम दाखवणं आणि जे बंधनकारक नाही अशा गोष्टींची आश्वासनं देणं अभिप्रेत आहे. एकमेकांचा हक्क बुडवण्यासाठी, किंवा जे आपलं नाही ते घेण्यासाठी केलेली फसवणूक मुस्लिमांच्या एकमताने हराम आहे, हेही त्यांनी तिथेच लिहिलं आहे. म्हणजे ज्या हदीसच्या आधाराने शौहर पगार लपवतो, तिच्या खालच्या भाष्यातच त्याला मनाई आहे. वरची ओळ वाचायची आणि खालची सोडून द्यायची, हा अप्रामाणिकपणाच झाला.

आणि 'छोटं' या शब्दाचं काय? अबू दाऊदमध्ये अब्दुल्लाह इब्न आमिर यांची लहानपणची आठवण आहे. त्यांच्या आईने त्यांना हाक मारली, "ये, तुला काहीतरी देते." प्रेषित मुहम्मद (स.) तिथे होते. त्यांनी विचारलं, काय देणार होतीस? ती म्हणाली, खजूर. तेव्हा त्यांनी तिला सांगितलं, की तू काहीच दिलं नसतंस तर तुझ्या नावावर एक खोटं लिहिलं गेलं असतं. एक खजूर, एक लहान मूल आणि रोज प्रत्येक आई करते तशी एक बतावणी. ज्या परंपरेत याचीही नोंद होते, तिथे तीस हजारांचा फोन बारा हजारांचा म्हणून सांगणाऱ्याने 'छोटी बात' म्हणू नये.

मी तीस हजारांचा आकडा उगाच घेतलेला नाही. माझ्या ओळखीतल्या एका घरात हेच घडलं. ओळख पटू नये म्हणून गाव आणि काम सांगत नाही. आकडे मात्र जवळपास तेच ठेवतो, कारण सगळा मुद्दा त्या आकड्यांतच आहे.

नवऱ्याला ओव्हरटाइम धरून महिन्याला ३१,००० रुपये हातात येतात. बायकोला त्याने सांगितलंय २६,०००. तो १८,००० घरात देतो, ५,००० भाडं आणि ३,००० पेट्रोल. सांगितलेल्या हिशेबात शिल्लक शून्य. बायको ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, त्यातून तिचे साधारण ४,००० होतात. तिच्या नजरेत हा माणूस स्वतःसाठी काहीच ठेवत नाही, म्हणून सणाला स्वतःला कपडा घेताना तिला अपराधी वाटतं.

खरं पाहता त्याच्याकडे दरमहा ५,००० उरतात. त्यातून त्याने फोन घेतला. किंमत ३०,०००, हप्ता २,७०० रुपयांचा, बारा महिने, एकूण ३२,४००. घरी सांगितलं, "सेकंडहँड आहे, बाराला मिळाला, मित्राला हळूहळू देतोय." उरलेले पैसे संध्याकाळच्या कॅरमच्या अड्ड्यावर, चहा-नाश्त्यात जायचे. तिथे असताना घरून फोन आला की उत्तर ठरलेलं: "ओव्हरटाइमला आहे." यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर कुणी काझीकडे जाणार नाही. कॅरम खेळणं गुन्हा नाही. फोन घेणंही नाही.

जूनमध्ये मुलीच्या शाळेचे १४,००० भरायचे होते. नवरा म्हणाला, नाहीत. बायकोच्या दृष्टीने ते खरंच होतं, तिला ठाऊक असलेल्या हिशेबात शिल्लक नव्हतीच. मग तिने मेहरमध्ये मिळालेल्या सोन्याच्या बाळ्या सोनाराकडे गहाण ठेवल्या, महिना दीड टक्क्याने. दर महिन्याला २१० रुपये व्याज ती शिलाईतून भरत राहिली. आठ महिन्यांत १,६८० रुपये नुसत्या व्याजाचे गेले, बाळ्या तिथेच. त्याच काळात तिचा नवरा फोनचा हप्ता भरत होता.

उघड झालं ते असं. एका महिन्यात हप्ता चुकला, आणि वसुलीवाल्याने नवऱ्याने फॉर्मवर पर्यायी नंबर म्हणून दिलेल्या नंबरवर फोन केला. तो नंबर बायकोचा होता. खोटं पकडलं जातं ते बहुतेक वेळा असंच. कुणी पाळतीवर नसतं. बँकेचा मेसेज, पेट्रोल पंपाची पावती, मित्राच्या बायकोचं सहज बोलणं, असं काहीतरी आडवं येतं.

आता या घरात किती नुकसान झालं, ते मोजू. फोनचे वाढीव अठरा हजार, असं पुरुष मोजतात. मी वेगळं मोजतो. त्या बाईने आपल्या बाळ्या गहाण ठेवण्याचा निर्णय खोट्या माहितीवर घेतला. तिला खरा आकडा ठाऊक असता तर ती म्हणाली असती, फोन सहा महिन्यांनी घ्या, आधी फी भरू. कदाचित भांडली असती, कदाचित म्हणाली असती, घ्या फोन, बाळ्या ठेवते गहाण. काहीही झालं असतं तरी निर्णय तिचा असता. नवऱ्याने तिच्याकडून फक्त पैसा लपवला नाही, तर घराबद्दल ठरवण्याचा तिचा वाटा काढून घेतला आणि किंमत तिच्याच मेहरमधून वसूल केली. मेहर ही पूर्णपणे बाईची मालमत्ता, आणि घर चालवणं ही नवऱ्याची जबाबदारी, नफका. हे शरीअतचं ज्ञान अगदी प्राथमिक आहे. आपली ऐपत कमी सांगून घरखर्च बायकोच्या सोन्यावर ढकलणं, नववींनी सांगितलेल्या हक्क बुडवण्यात बसत नसेल तर मग काय बसतं?

दुसरं नुकसान त्याच्याहून मोठं, आणि ते नवऱ्याच्या ध्यानातच येत नव्हतं. फोनचं कळल्यावर बायको मागचं सगळं मोजायला बसली. त्या रात्री ओव्हरटाइम होता का? भाच्याच्या लग्नात दोन हजार दिले म्हणालात, ते दिले का? आई आजारी होती तेव्हा 'गाडी मिळाली नाही' म्हणालात, ती खरंच मिळाली नव्हती का? यातल्या बहुतेक गोष्टी खऱ्या होत्या. पण खरं आणि खोटं त्याने एकाच आवाजात, एकाच चेहऱ्याने सांगितलं होतं, आता तिने वेगळं कशावरून करायचं? पुढे एका रात्री तो खरोखर कामावर असताना तिने थेट कारखान्यात फोन लावला. सगळ्यांसमोर अपमान झाला म्हणून तो भडकला. अपमान झाला हे खरं. पण त्या फोनची गरज त्यानेच तयार केली होती.

आपल्या मराठीत म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. छोट्या खोट्याच्या बाबतीत ती तंतोतंत लागू पडते. नवरा-बायको एकमेकांचं सगळं तपासू शकत नाहीत. तो दिवसभर कुठे असतो, ती माहेरी काय बोलते, हे कुणी बघत नाही. आपण दोन-चार शितं दाबून बघतो आणि भात शिजला असं मानतो. छोट्या गोष्टी म्हणजे ती शितं. 'कुठे आहेस', 'केवढ्याला घेतलं' या प्रश्नांची खरी उत्तरं द्यायला फारसं काही मोजावं लागत नाही. जिथे खरं बोलणं इतकं स्वस्त आहे तिथेही माणूस खोटं बोलतो, तर जिथे खरं बोलणं महाग पडेल तिथे तो काय करेल, हा विचार बायकोच्या मनात येणारच. तिला 'शक्की' म्हणणं सोपं आहे. ती फक्त हातातल्या शितावरून अंदाज बांधते आहे.

शिवाय छोटं खोटं छोटं राहत नाही, यालाही आधार आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या बरणीत नाणी होती. सहभागी माणसाने नाण्यांचा अंदाज दुसऱ्या खोलीतल्या जोडीदाराला कळवायचा, आणि खोटा आकडा सांगून कधी स्वतःचा, कधी दुसऱ्याचा फायदा करता येईल अशी रचना होती. ज्यांना स्वतःचा फायदा होता त्यांचं खोटं फेरीगणिक वाढत गेलं. त्याचबरोबर मेंदूतल्या भावनेशी निगडित असलेल्या अमिग्डला या भागाची प्रतिक्रिया मंदावत गेली. पहिल्या खोट्याला जी टोचणी लागते ती पुढे लागेनाशी होते. तो प्रयोगशाळेतला खेळ होता, संसार नव्हे, हे मान्य. पण खोटं वाढलं ते स्वार्थाचं, हा निष्कर्ष आपल्या कामाचा आहे. सालनाची खोटी तारीफ करणारा पुढे दुसरं घर थाटतो असं नाही. स्वतःच्या सोयीसाठी आकडा दाबणाऱ्याचा आकडा मात्र सरकत जातो.

आता पुरुषांचा ठरलेला पलटवार: "बायका काय कमी खोटं बोलतात? साडी बाराशेची आणि सांगतात सातशे." बरोबर आहे. वरच्या घरातली बाईही खोटं बोलत होती. शिलाईतले महिना पाचशे रुपये ती आईच्या औषधाला द्यायची आणि घरात सांगायची, 'धागा-अस्तर महागलंय.' मग दोघं सारखेच का?

नाहीत, आणि हा फरक चौदाशे वर्षांपूर्वीच केला गेला आहे. अबू सुफयान यांची पत्नी हिंद यांनी प्रेषितांकडे तक्रार आणली, की माझा नवरा कंजूष आहे, मला आणि मुलाला पुरेल इतकं देत नाही, त्याच्या नकळत घेतलं तरच भागतं. तिला उत्तर मिळालं, की तुला आणि तुझ्या मुलांना रीतीप्रमाणे पुरेल एवढं घे. बुखारीत ही हदीस आहे. इथे बाई नवऱ्याच्या नकळत घेत होती, पण जे घेत होती तो तिचा हक्कच होता, आणि मर्यादाही घातली गेली: पुरेल एवढं, रीतीप्रमाणे. आमच्या गोष्टीतल्या बाईचे पाचशे तर नवऱ्याचेही नव्हते. स्वतःच्या कमाईचे होते, ज्याचा हिशेब द्यायला ती बांधील नाही. तरी ती खोटं बोलली. का? एकदा खरं सांगितलं होतं, तेव्हा आठ दिवस माहेरच्या नावाने टोमणे ऐकले होते, म्हणून.

तेव्हा मला खोट्याचा आकार मोजण्यात रस नाही. दोन प्रश्न पुरतात. या खोट्याची किंमत कोण भरतंय? आणि खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? नवऱ्याच्या खोट्याची किंमत बायकोने बाळ्यांनी भरली, आणि खरं सांगितलं असतं तर त्याला फार तर एक भांडण सोसावं लागलं असतं. बायकोच्या खोट्याची किंमत कुणीच भरली नाही, आणि खरं सांगितल्यावर काय होतं ते तिने भोगलं होतं. पहिलं खोटं मोकाट राहण्यासाठी आहे. दुसरं भीतीपोटी आहे, आणि ते सांगणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याबद्दल जास्त सांगतं. ज्या घरात दहा रुपयांच्या कोथिंबिरीचा जाब द्यावा लागतो, तिथल्या बाईला खोटारडी म्हणण्याआधी जाब घेणाऱ्याने स्वतःकडे बघावं. मात्र हेच माप उलटही लावावं लागेल. बायको भिशीचे पैसे परस्पर भावाला देते आणि घरावर कर्ज चढतं, तर तिथे 'बिचारी' म्हणून सुटका नाही. किंमत दुसऱ्याने भरली की हक्क बुडाला, मग बुडवणारा कुणीही असो.

काही जण यावर उपाय म्हणून फोनचा पासवर्ड मागतात, लोकेशन चालू ठेवायला लावतात, रोज यूपीआयचे व्यवहार तपासतात. मला हे पटत नाही. सूरह हुजुरातमध्ये अति संशयापासून दूर राहा आणि पाळत ठेवू नका, अशी स्पष्ट ताकीद आहे, आणि तिला लग्नाचा अपवाद जोडलेला नाही. व्यवहारातही पाळतीने खोटं थांबत नाही, फक्त जास्त हुशार होतं. दुसरं सिम येतं, रोखीने व्यवहार होतात. शिवाय जे तपासूनच मानायचं त्याला भरवसा म्हणत नाहीत.

खरी दुरुस्ती हिशेबात आहे. १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद अब्दुल समद खटल्यात घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागता येते, असा निकाल दिला. त्यावर आपल्याकडे भरपूर गदारोळ झाला. पण न्यायमूर्ती नागरत्ना यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात जे लिहिलं त्यावर फार कुणी बोललं नाही. गृहिणीला नवऱ्याने स्वतःहून पैशाचा आधार द्यावा, संयुक्त खातं उघडावं, एटीएम वापरू द्यावं, असं त्यांनी सगळ्याच भारतीय नवऱ्यांना सांगितलं आहे. त्याआधी, नोव्हेंबर २०२० मध्ये, रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात याच न्यायालयाने पोटगीच्या दाव्यात दोघांनीही उत्पन्न, खर्च, मालमत्ता आणि कर्ज शपथेवर लिहून द्यायचं, असं ठरवून दिलं. वकिलाची फी भरून, कोर्टाच्या बाकावर बसून जो कागद भरावा लागतो, तोच घरात चटईवर बसून भरता येतो. महिन्यातून एकदा, अर्धा तास: किती आले, कुठे गेले, कुणाचं देणं आहे.

त्याच कागदावर दोघांच्या नावापुढे एक रक्कम लिहावी, जिचा हिशेब कुणी कुणाला मागायचा नाही. त्याचे दोन हजार असतील, तिचेही असतील. त्यात तो कॅरम खेळो, ती आईला औषध देवो. आणि तरीही एखादी गोष्ट सांगायची नसेल तर 'सांगणार नाही' म्हणायची हिंमत ठेवावी. 'मित्रांबरोबर आहे, दहाला येतो' यावर बायको रागावेल. 'माझ्या पैशाचं मी बघेन' यावर नवरा फुगेल. रागावू दे, फुगू दे. त्या रागाच्या भीतीने बोललेलं खोटं वर्षभराने सोनाराच्या दुकानात नेऊन उभं करतं.

ज्यांना हे सगळं अवघड वाटतं, त्यांनी एवढं तरी करावं: हदीसला आपल्या खोट्याचा जामीन ठेवू नये. फोन लपवायचा असेल तर स्वतःच्या नावावर लपवा, रसूलच्या नावावर नको.